तीन महिन्यांची बॅच आणि मशीनवरचे सहा तास

‘महिलांसाठी शिवणकाम व टेलरिंग कोर्स. तीन महिन्यांची बॅच, फी ४,५०० रुपये, शासनमान्य प्रमाणपत्र, फक्त १५ जागा, त्यांतील ३ शिल्लक.’ गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या भागात हा मजकूर एका चित्राखाली मोबाइलवरून फिरत होता. गौरी-गणपतीला चाकरमानी घरी येतात आणि त्याआधीचे दोन महिने गावातल्या शिंपीणबाईंना उसंत नसते, त्यामुळे त्या हंगामापर्यंत निदान ब्लाउज शिवता यावा म्हणून माझ्यासह अनेकींनी त्याच आठवड्यात यूपीआयने पूर्ण फी भरली. माझ्या मावसबहिणीला दुसऱ्या तालुक्यातल्या गटात तोच मजकूर पंधरा दिवसांनी मिळाला आणि त्यातही ३ जागाच शिल्लक होत्या.

प्रत्यक्षात वर्गात तीस जणी होत्या आणि पायमशिनी पाच. ‘तीन महिने’ या शब्दांत किती तास दडले आहेत हे मजकुरात कुठेच नव्हते. वर्ग आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास भरत असे, म्हणजे बारा आठवड्यांचे मिळून ३६ तास झाले. एका मशीनमागे सहा जणी असल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला संपूर्ण बॅचमध्ये जेमतेम सहा तास मशीन आले, आणि त्यातलाही बराच वेळ दोरा ओवण्यात, बॉबिन भरण्यात व तुटलेली सुई बदलण्यात गेला. सरळ टीप सारख्या अंतरावर मारण्याइतका पाय आणि हात यांचा मेळ बसायलाच सहा तास पुरत नाहीत. त्यापुढे बाही मुंढ्याला जोडणे, गळ्याला पट्टी लावणे आणि अस्तर बसवणे ही कामे तर वेगळीच आहेत.

याहून मोठी उणीव बेतण्याची होती. मॅडमनी आम्हाला छत्तीस छातीच्या ब्लाउजचा तयार कागदी नमुना दिला आणि तो कापडावर ठेवून खडूने आखायला सांगितला. अंगावरून माप कसे घ्यावे, छातीच्या मापावरून मुंढ्याची खोली कशी काढावी, टक्स कुठे संपवावा आणि शिवणीसाठी माया किती सोडावी, हे विचारले की ‘ते ॲडव्हान्स बॅचमध्ये’ असे उत्तर मिळे आणि त्या बॅचची फी निराळी होती. पुढे वर्गातल्या एका ताईंनी शेजारणीचा चाळीस छातीचा ब्लाउज त्याच नमुन्याच्या कडा सगळीकडून सारख्या वाढवून कापला. मुंढा काखेत काचला, गळा खांद्यावरून उतरला आणि आत माया न राहिल्यामुळे उसवून दुरुस्त करण्याची सोयही उरली नाही. शेजारणीच्या कापडाची भरपाई त्या ताईंनाच करावी लागली.

प्रमाणपत्राचा प्रकार मात्र मला सर्वांत अधिक गंभीर वाटतो. त्यावर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे बोधचिन्ह आणि ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक छापलेला होता, व त्याच आधारावर त्याला ‘शासनमान्य’ म्हटले होते. उद्यम नोंदणी कोणत्याही लहान व्यवसायाला स्वतःच्या घोषणेवर, विनाशुल्क, ऑनलाइन मिळते. तो व्यवसाय अस्तित्वात असल्याची ती नोंद असते. तिथल्या प्रशिक्षणाचा दर्जा कोणी तपासल्याची किंवा परीक्षा घेतल्याची ती खूण नव्हे. खऱ्या शासनमान्य कौशल्य प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे नाव, त्याचा स्तर आणि परीक्षण करून प्रमाणपत्र देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचे नाव असते. आमच्या कागदावर यांपैकी काहीच नव्हते, आणि परीक्षाही झाली नव्हती.

म्हणून फी भरण्यापूर्वी एकूण तास किती, एका मशीनवर किती जणी, अंगावरच्या मापावरून बेतायला शिकवणार का आणि प्रमाणपत्र नेमके कोण देणार, एवढे लेखी विचारावे, आणि शक्य झाल्यास चालू असलेला एक वर्ग जाऊन पाहावा. आमच्या वर्गात प्रवेशापूर्वी ‘बॅच सुरू आहे, मध्ये येऊ देत नाही’ असे सांगितले जाई. जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत असे अल्पमुदतीचे कोर्स मोफत होतात आणि तिथे राहण्या-जेवण्याचीही सोय असते, ही माहिती आमच्यापैकी बहुतेकींना फी भरून झाल्यावर मिळाली.

आम्ही काही जणींनी फी परत मागितली, तेव्हा ‘जागा अडवली, आता परतावा नाही’ असे उत्तर आले. मूळ मजकुराचा आणि यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवल्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता आली. पंधरा जागा जाहीर करून तीस जणींना घेणे आणि नसलेली शासनमान्यता छापणे, हे दोन मुद्दे आम्ही त्या तक्रारीत अग्रभागी ठेवले आहेत.