सात आंबे मागितले, आठ आले: चित्र काढणाऱ्या मॉडेलचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. ‘मोजा आणि लिहा’च्या सरावपत्रिकांसाठी तिला चित्रं हवी असतात आणि ती काढून द्यायचं काम गेले आठ महिने माझ्याकडे आहे. हातानं काढायचं तर वेळ जातो, म्हणून घरच्या संगणकावर ComfyUI या प्रोग्राममध्ये, वाक्य लिहिलं की चित्र तयार करणारं एक मॉडेल बसवलं. रंग, उजेड, आंब्याच्या सालीवरचा तो पिवळा-केशरी उतार, यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त आकड्याची, आणि सरावपत्रिकेत नेमकं तेच हवं असतं.

पहिल्याच आठवड्यात हे लिहिलं होतं:

```
seven ripe mangoes in a cane basket, top view, white background
```

चित्र सुरेख आलं. पत्रिका छापून शाळेत गेली आणि दुपारी ताईचा फोन आला, “अरे, मुलं आठ लिहितायत आणि मी सगळ्यांना चूक देत बसलेय!” मी पुन्हा मोजले, खरंच आठ होते. पाठवण्याआधी मी नीट मोजलेच नव्हते, नुसती नजर टाकली होती. आपली नजर तीन-चार वस्तू न मोजताच ओळखते, त्यापुढे आपण अंदाजच बांधतो. मॉडेलची आणि माझी चूक एकमेकींवर अशी बेमालूम बसली होती.

तेव्हापासून छापण्याआधी चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर माउसने लाल ठिपका देतो आणि ठिपके मोजतो.

आठ महिन्यांत जे दिसलं ते असं. एक, दोन, तीनपर्यंत आकडा बहुतेक वेळा बरोबर येतो. चार-पाचला डळमळतो. सातच्या पुढे गेलं की बरोबर आलाच तर नशीब म्हणायचं. अकरा आणि बारा यांत तर त्याला काही फरकच कळत नसावा, दोन्हींचा अर्थ ‘टोपली भरून’. केळी, द्राक्षं यांसारखी घोसानं लागणारी फळं सगळ्यात वाईट. पाच केळी मागावीत तर अख्खी फणी येते.

असं का होतं, हे समजून घेतल्यावर चिडचिड बरीच कमी झाली. आपण आंबे काढताना एक काढतो, मग दुसरा, आणि मनात मोजत जातो. या जातीचं मॉडेल तसं काढत नाही. ते सुरुवातीला पूर्ण पडदा मुंग्या आल्यासारख्या गोंगाटानं भरतं आणि प्रत्येक पायरीला सगळीकडचा गोंगाट एकाच वेळी थोडा थोडा साफ करतं. डाव्या कोपऱ्यात आंबा होत असताना उजव्या कोपऱ्यातही होत असतो. ‘आता सहा झाले, एकच उरला’ असं टिपून ठेवणारी वहीच तिथे नसते.

दुसरं कारण शब्दाचं. आपलं वाक्य आधी CLIP सारख्या मजकूर-वाचकाकडे जातं आणि त्याचे आकडे होतात. हे वाचक इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्या मथळ्यांवर शिकलेले आहेत. आता मथळे लिहिणारा माणूस काय लिहितो? ‘टोपलीतले आंबे’. मोजून ‘सात आंबे’ कोण लिहील? आणि मथळ्यात सात आलाच तर तो बऱ्याचदा घराचा नंबर असतो, खेळाडूच्या जर्सीवरचा असतो किंवा ‘सात सोपे उपाय’ असतो. म्हणून mango हा शब्द चित्राला घट्ट धरतो आणि seven नुसताच लोंबकळत राहतो. मी एकदा अक्षरात न लिहिता `7 mangoes` लिहिलं, तर टोपलीवर चक्क 7 हा आकडा रंगवून आला! (मराठीत ‘सात आंबे’ लिहूनही पाहिलं. माझ्या मॉडेलचा वाचक मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला, त्यामुळे आंबेच आले नाहीत.) हा दोष एकट्या माझ्या मॉडेलचा नाही. 2022 मध्ये गूगलनं Imagen ची तुलना करण्यासाठी DrawBench ही 200 वाक्यांची यादी केली, तिच्यात मोजणीचा वेगळा विभागच आहे.

सुरुवातीला मी शब्दांचा जोर वाढवत बसलो. exactly seven, only seven, दोनदा seven. फरक शून्य. मग cfg वाढवलं, म्हणजे वाक्याला जास्त चिकटून राहा असं सांगितलं. आंबे भडक, करपल्यासारखे झाले, पण झाले नऊ. नको असलेल्या गोष्टींच्या चौकटीत eight mangoes टाकणं तर उलटच पडलं, कारण नकारातून त्याला ‘आठ’पेक्षा ‘आंबा’ जास्त ऐकू गेला असणार.

उपयोगी पडलेली पहिली गोष्ट म्हणजे पूर्वदृश्य चालू ठेवणं. तीस पायऱ्यांचं चित्र असेल तर पाचव्या-सहाव्या पायरीलाच पिवळे धूसर गोळे जागेवर बसलेले दिसतात. त्यानंतर आंब्यांना देठ येतो, साल येते, सावली येते, पण गोळ्यांची संख्या सहसा बदलत नाही. आठ गोळे दिसले की तिथेच थांबवायचं आणि नवा seed, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, घ्यायचा. पंचवीस पायऱ्यांचा वेळ वाचतो.

खरा तोडगा मात्र शब्दांत नव्हताच. आकडा वाक्यातून काढून जागेत नेला तेव्हा काम झालं. मी पांढऱ्या कागदावर सात लंबगोल काढतो, एकमेकांपासून सुटे, आणि तो रेखाटनाचा कागद ControlNet ला, म्हणजे मॉडेलला रेखाटनाबरहुकूम चालवणाऱ्या जोडणीला देतो. वाक्यात seven लिहीतच नाही, नुसतं ripe mangoes. मोजणी मी केलेली असते, मॉडेलनं फक्त रंग भरायचा. माझ्याकडे strength, म्हणजे रेखाटनाचा जोर, 0.8 आणि end_percent, म्हणजे तो जोर किती कामापर्यंत टिकवायचा, 0.6 बरं चालतं. end_percent फार कमी ठेवलं की रेखाटनाचा धाक लवकर सुटतो आणि मोकळ्या जागेत एखादा आगंतुक आंबा उगवतो. तसंच, टोपली घेऊ नका. वेताच्या विणीत त्याला गोल दिसतात आणि विणीतूनच आंबा डोकावतो. मी आता साध्या पांढऱ्या ताटावर आंबे मांडतो. चौकटही चौरसच ठेवतो. आडवी लांब केली की रिकाम्या बाजूला हमखास भर पडते.

एक गोष्ट ताईनं शिकवली. एका चित्रात माझ्या हिशेबानं सहा आंबे होते, पण एक दुसऱ्याच्या मागे अर्धा लपलेला. वर्गात निम्म्या मुलांनी तो मोजला, निम्म्यांनी नाही. ताई म्हणाली, “यात मुलांची चूक नाही रे, चित्रच चुकीचं आहे.” म्हणून लंबगोलांमध्ये बोटभर जागा सोडतो. एकमेकांना चिकटलेल्या वस्तू मॉडेलही एकत्र करून टाकतं. दोन आंब्यांचा एक बेढब आंबा मी कितीदा पाहिलाय!

दहाच्या वर मी मॉडेलकडे जातच नाही. एकेकटे चार वेगवेगळे आंबे काढून घेतो, पार्श्वभूमी काढतो आणि GIMP या चित्रं जोडायच्या प्रोग्राममध्ये हवे तितके चिकटवतो. काही उलटे करतो, काही थोडे तिरके. अलीकडची, वाक्य जास्त समजून घेणारी मॉडेल वापरून पाहिली. त्यांच्यात पाच-सहापर्यंत सुधारणा जाणवते, पण पंधरा पतंग मागितले की तीही ढेपाळतात.

परवा ताईनं नवी यादी पाठवली आहे. त्यात वीस मुंग्या आहेत. मुंग्या मी चिकटवून वीस करीन, ते अवघड नाही. पण एकेकट्या मुंगीला मॉडेल कधी पाच पाय देतं, कधी आठ, आणि पहिलीची मुलं तेही मोजतात.