सोळाची मोजणी: 00 ते 1F, काही महिने वापरल्यावर

बेळगावात पत्रिका छापणाऱ्या दुकानात बसलं की एका कार्डावर दोन लिप्या ठरलेल्याच. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. खानापूर-निपाणीकडची गिऱ्हाइकं तर मजकूर मराठीत सांगतात आणि ‘कन्नडचं तुम्हीच बघा’ म्हणून जातात. जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायला घेतल्या तेव्हापासून मी सोळाच्या पद्धतीने मोजतोय. तेही फक्त शून्यापासून एकतीसपर्यंत.

मोजणी अशी: 0 ते 9 नेहमीसारखे. मग दहासाठी A, अकरासाठी B, बारा C, तेरा D, चौदा E आणि पंधरा F. इथे एका घरात मावणारे आकडे संपतात, म्हणून सोळा लिहायला 10. पुढे 11 म्हणजे सतरा, 19 म्हणजे पंचवीस, 1A सव्वीस आणि 1F एकतीस. डावीकडचा आकडा सोळाने गुणायचा आणि उजवीकडचा मिळवायचा, की झालं. वाचताना मात्र 10 ला ‘दहा’ म्हणू नये. मी ‘एक-शून्य’, ‘एक-पाच’, ‘एक-ए’ असं सुटं वाचतो, आणि दुकानातल्या सगळ्यांना तसंच वाचायला लावलंय.

एकतीसपर्यंतच का, ते युनिकोडचा देवनागरी तक्ता उघडला की कळतं. त्यात सोळा ओळींचे उभे रकाने आहेत. पहिल्याच्या डोक्यावर 090, दुसऱ्याच्या डोक्यावर 091, आणि ओळींना 0 ते F. पहिल्या दोन रकान्यांत बरोबर बत्तीस घरं, म्हणजे 00 ते 1F. त्यात अनुस्वार 02 वर, अ 05 वर, ऊ 0A वर, ए 0F वर. ऐ पासून दुसरा रकाना सुरू होतो. क 15 वर आहे, म्हणजे सोळा अधिक पाच, शून्यापासून मोजत गेलं की एकवीस नंबरचं घर. क ते ङ 15 ते 19. लगेच च ते ञ 1A ते 1E, आणि शेवटच्या 1F वर ट. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला मोजणी तपासायला याहून सोपं साधन नाही: च पाशी A आला नाही तर कुठंतरी घोळ आहे.

घोळ होतो तो नेमका 9 नंतर. आमच्याकडच्या पोराने कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, याचा एक्सेलमध्ये तक्ता केला. युनिकोड क्रमांकाच्या आधी U+ लिहायची रीत आहे. स्वर U+0905 पासून, व्यंजनं U+0915 पासून, आणि कोपरा धरून खाली ओढत नेलं. एक्सेल शेवटचा आकडा दहाच्या हिशेबाने वाढवतं, त्यामुळे U+0919 नंतर त्याने U+0920 दिलं. पोरगं म्हणालं, ‘एकोणीसनंतर वीसच की हो काका.’ सोळाच्या मोजणीत 19 आणि 20 मध्ये 1A ते 1F अशी सहा घरं आहेत. ती सहाही गळाली आणि च ला ठ चा क्रमांक मिळाला, ज ला ढ चा. स्वरांतही तेच, ऊ ला 0910 मिळाला, जो ऐ चा आहे. बदललेल्या मजकुरात ऊस वाचायला गेलं तर ‘ऐ’ दिसतो.

चूक ओळखायची खूण पक्की आहे. क-वर्गातली अक्षरं सगळी बरोबर आणि च पासून पुढची सगळी बिघडलेली असतील, तर कोणीतरी दहाने मोजलंय. फरक सहाचा येतो, कारण सोळातून दहा गेले की सहा उरतात. पुढे 29 नंतर पुन्हा तीच उडी बसते आणि फरक बाराचा होतो. मग त च्या जागी र येऊ लागतो. फाँट बदलून हे सुधारत नाही, तक्ताच नवा करावा लागतो. आता ओढायचं काम आम्ही सूत्राकडे दिलंय, पहिल्या ओळीपासून:

```
=DEC2HEX(ROW(A1)+2303,4)
=UNICHAR(HEX2DEC(A1))
```

0900 म्हणजे दहाच्या हिशेबाने २३०४, त्यातला एक पहिल्या ओळीचा येतो, म्हणून वर २३०३. पहिलं सूत्र A रकान्यात आणि दुसरं शेजारी ठेवलं की क्रमांकासमोर अक्षर दिसतं. एखादंच अक्षर तपासायचं तर वर्डमध्ये 0915 टाइप करून `Alt+X` दाबायचं, क येतो. अक्षरानंतर कर्सर ठेवून तेच दाबलं की क्रमांक परत मिळतो.

कागदावर क्रमांक लिहिताना अक्षरं मोठीच काढावीत. लहान b घाईत 6 सारखा होतो आणि छ चा ख होतो. मोठा B सुद्धा 8 शी भांडतोच, पण कमी.

माझ्यासारख्याला या मोजणीचा खरा फायदा कन्नडच्या बाजूला होतो. भारतीय लिप्यांची युनिकोडमधली रचना इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८ च्या क्रमांक-मांडणीवरून आली, त्यामुळे त्याच ओळीचं अक्षर त्याच क्रमाने बसलंय. देवनागरी 0900 वर सुरू होते, कन्नड 0C80 वर. दोन्हींत फरक 380. ‘अंक’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, तोच घेऊ:

```
0905  0902  0915
0C85  0C82  0C95
```

शेवटचा आकडा तिन्हीत जसाच्या तसा. त्याच्या डावीकडच्यात आठ मिळवायचे: 0 चे 8, 1 चे 9. आणखी डावीकडे 9 अधिक 3 बारा, म्हणजे C. एवढं सोपं सोळाच्या पद्धतीमुळेच आहे. दहाच्या हिशेबाने हाच फरक ८९६ येतो, आणि २३२५ मध्ये ८९६ मिळवून ३२२१ आले तर त्यावरून दोघंही क आहेत हे कोणाला दिसणार?

पण याच्या भरवशावर पूर्ण पत्रिका सोडू नये. 11 वर आपला ऑ आहे, कन्नडमध्ये 0C91 हे घर रिकामं आहे. ‘ऑफिस’ आंधळेपणाने बदललं तर सुरुवातीलाच चौकोन उमटतो. कन्नडमध्ये तिथं आ वापरतात, म्हणून तो नियम वेगळा लिहावा लागतो. 0D वरच्या ऍ चं घरही कन्नडमध्ये तसंच रिकामं. 00 आणि 04 ही घरं दोन्ही लिप्यांत भरलेली आहेत, पण त्यांत चिन्हं वेगळी आहेत, ती मी बदलायला घेतच नाही.

उलट्या दिशेने दुसरी अडचण. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए 0E वर आणि ऱ्हस्व ओ 12 वर आहे. ‘एरडू’, ‘ओंदू’ अशा आकड्यांच्या नावांची सुरुवातच त्यांनी होते. 380 वजा केले की देवनागरीत ऎ आणि ऒ येतात. ती घरं देवनागरीत आहेत, पण मराठीत ती अक्षरं कोणी लिहीत नाही आणि सगळ्या फाँटांत ती नीट दिसतही नाहीत. तिथं एक घर पुढे सरकायचं, 0E चं 0F आणि 12 चं 13.

मराठीला लागणारा ॲ मात्र या बत्तीस घरांत नाही. तो २००८ साली आला आणि 0972 वर बसला. वाचायची रीत तीच: सात गुणिले सोळा अधिक दोन, एकशेचौदा.