गळती धरायची कशी, गुणून की भागून?

नागपुरातल्या महाल अन् धरमपेठ या दोन भागांतल्या घरांचा सर्व्हे, आत्ता एकदा, मग मे महिन्यात पुन्हा, अन् दोन्हीकडच्या स्कोअरच्या सरासरीत फरक बघायचाय. इफेक्ट साइज 0.5, पॉवर 80 टक्के, अल्फा 5 टक्के टू-साइडेड धरला तर दर गटात 64 जण शेवटपर्यंत टिकायला हवेत.

आता गळती, म्हणजे दुसऱ्या फेरीत न सापडणारे, 20 टक्के धरू. बरेच जण 64 ला 1.2 नं गुणून 77 घेऊन राहिले, पण 77 तले 20 टक्के गेले की उरतात जेमतेम 62, पॉवर 80 च्या खाली. 64 ला 0.8 नं भागा, 80 येतात, 16 गेले तरी 64 हातात. मी भागाकारच करतो.

पण मे मध्ये कुलूप दिसणारी घरं भाडेकरूंचीच असली तर 80 नंही बायस जात नाही, म्हणून गळालेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं टिकलेल्यांशी ताडून बघाच.