मूत्रपिंडाच्या पाच स्लाइड: नऊ महिने वापरून

नौपाड्यात घरीच डीएमएलटी आणि नर्सिंगच्या मुलांची शिकवणी घेते. गेल्या जूनमध्ये मूत्रपिंडाच्या तयार स्लाइडचा हा संच ऑनलाइन मागवला. दोन कॉर्टेक्सच्या (एक एच अँड ई, एक पीएएस), एक मेड्युलाची, एक रक्तवाहिन्यांत रंग भरलेली आणि पाचवीवर इंग्रजीत ठसठशीत 'मानवी मूत्रपिंड'. पहिल्या आठवड्यात मी पाच तारे दिले असते. आता तीन देतेय.

आधी ती पाचवी स्लाइड, कारण तिने माझीच फजिती केली. दिव्याहून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, बोमन कॅप्सूलच्या बाहेरच्या भिंतीला चपट्या पेशी असतात म्हणालात ना? इथे तर चौकोनी दिसतायत." मी न बघताच सांगून टाकलं की तू युरिनरी पोलपाशी असशील. ग्लोमेरुलसमधून गाळलेलं पाणी कॅप्सूलमधून प्रॉक्सिमल नळीत उतरतं ते त्या टोकाला, आणि तिथे चपटी स्क्वॅमस पेशी एकदम संपून ठेंगणी-जाड क्युबॉइडल सुरू होते. उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, स्लाइडप्रमाणे नव्हतं. ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं.

रात्री जेवण झाल्यावर मी स्वतः दहा ग्लोमेरुलस शोधून बघितले. सात-आठांत पेशी नुसत्या एका टोकाला नाही, कॅप्सूलच्या जवळजवळ सगळ्या कडेने क्युबॉइडल होत्या. माणसातही कधीकधी प्रॉक्सिमल नळीच्या पेशी कॅप्सूलमध्ये थोड्या आत सरकलेल्या सापडतात, म्हणून नुसत्या आकारावरून निकाल देणं बरं वाटेना. मग मोजलं. आयपीसवर १८ हा आकडा कोरलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या ४० ने भागलं की दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिळतो, ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. माणसाचा ग्लोमेरुलस साधारण २०० मायक्रॉनचा असतो, मेणात बसवताना थोडा आकसला तरी गोलाचा तिसरा हिस्सा तरी त्याने व्यापायला हवा. इथे एका ओळीत सहा मावत होते. साडेचारशे भागिले सहा, पंचाहत्तर मायक्रॉन. हे उंदराचं मूत्रपिंड. आणि कॅप्सूलच्या भिंतीला अशा क्युबॉइडल पेशी असणं ही नर उंदराची ओळख. मादीत त्या बहुतेक चपट्याच असतात.

दुसऱ्या दिवशी पोरीला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझं बरोबर होतं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, लेबल छापणाऱ्याची चूक. आठ दिवसांनी बदली स्लाइड आली. तिच्यावर 'सस्तन प्राणी' एवढंच लिहिलंय, म्हणजे आता चुकायची सोयच नाही!

पीएएसची स्लाइड मात्र पैसे वसूल आहे. प्रॉक्सिमल आणि डिस्टल नळी ओळखताना मुलं हमखास अडतात, आणि ती अडचण ही स्लाइड दोन मिनिटांत सोडवते. प्रॉक्सिमल पेशीच्या आतल्या टोकाला सूक्ष्म केसांसारखी ब्रश बॉर्डर असते, आणि पीएएसने ती गडद गुलाबी-जांभळी रंगते. नळीच्या पोकळीला आतून रंगाची किनार लावल्यासारखी दिसते. डिस्टल नळीला ती किनार नाही, पोकळी मोकळी आणि स्वच्छ.

एच अँड ईच्या स्लाइडमध्ये हेच बघायला गेलात तर निराशा होते. ब्रश बॉर्डर फाटलेली, पोकळीत गुलाबी चोथा. ऊतक काढल्यावर फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला की सर्वात आधी प्रॉक्सिमल पेशीच सडायला लागतात, त्याचं हे लक्षण. पण मी ती स्लाइड फेकली नाही, कारण परीक्षेत बऱ्याचदा अशीच समोर येते. मग इतर खुणांवर जायचं. प्रॉक्सिमल पेशी जास्त गुलाबी दिसते, कारण गाळलेल्या पाण्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग तीच परत खेचते आणि त्यासाठी ती मायटोकॉन्ड्रियाने गच्च भरलेली असते. पेशी मोठी असल्याने एका आडव्या छेदात तीन-चारच केंद्रकं सापडतात, आणि शेजारच्या पेशी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की मधली रेघ दिसत नाही. डिस्टल नळी लहान असूनही तिच्यात केंद्रकं जास्त. शिवाय कॉर्टेक्समध्ये प्रॉक्सिमलचेच छेद कितीतरी जास्त दिसतात, कारण माणसात ही नळी सुमारे १४ मिलिमीटर लांब आणि वेडीवाकडी, तर डिस्टल जेमतेम ५. मी मुलांना सांगते, काहीच कळलं नाही तर प्रॉक्सिमल म्हणा, बहुधा बरोबर येईल.

मेड्युलाची स्लाइड चांगली कापलेली आहे. हेन्लेच्या लूपचा बारीक भाग चपट्या पेशींचा, केंद्रक पोकळीत फुगलेलं, त्यामुळे तो हुबेहूब केशवाहिनीसारखा दिसतो. आम्ही नियम केलाय: आत लाल पेशी दिसल्या तर केशवाहिनी, नाही दिसल्या तर आधी शेजारच्या चार पोकळ्या बघायच्या, कारण रिकामी केशवाहिनीही असते. कलेक्टिंग डक्टला असा घोळ नाही. फिकट प्रिन्सिपल पेशी, आणि इथे मात्र दोन पेशींमधली रेघ पेन्सिलीने आखल्यासारखी. मधूनच एखादी गडद पेशी दिसते, ती इंटरकॅलेटेड, आम्ल-अल्कलीचं बघणारी. पॅपिलाकडे जाल तशा या गडद पेशी कमी होत संपतात आणि उरलेल्या उंच होत जातात.

मॅक्युला डेन्सा सापडायला आम्हाला महिना लागला. लूपचा जाड चढता भाग आपल्याच ग्लोमेरुलसच्या रक्तवाहिनीच्या टोकाशी परत येतो, आणि तिथे टेकलेल्या बाजूच्या पेशी उंच, अरुंद, केंद्रकं दाटीवाटीने. छेद नेमका तिथून गेला तरच दिसणार, यात विक्रेत्याला दोष नाही. पीएएसच्या स्लाइडवर एक सुरेख मिळाली. काचेच्या कडेला मार्करने ठिपका देऊन ठेवलाय.

दोष द्यायचा तर माहितीपत्रकाला. त्यात लिहिलंय की 'पोडोसाइटचे पाय स्पष्ट दिसतात'. नाही दिसत. त्या पायांमधली फट काही दशांश नव्हे, ०.०४ मायक्रॉनहूनही लहान, आणि साध्या मायक्रोस्कोपला ०.२ मायक्रॉनच्या खालचं वेगळं काढता येत नाही. केशवाहिनीच्या वेटोळ्यांवर बाहेरून बसलेलं केंद्रक बघून 'हा पोडोसाइट असावा' इतकंच म्हणता येतं. मेसँजियल पेशी वेटोळ्यांच्या मधे असतात, पण त्याही एच अँड ईवर खात्रीने सांगणं अवघड. रंग भरलेली चौथी स्लाइड दिसायला छान, पेशी शिकायला निरुपयोगी.

ठाण्याच्या पावसाबद्दल: जुलैत लाकडी पेटीला बुरशी आली. काचा वाचल्या; आता सिलिका जेल घालून स्टीलच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवते. खिडकीत राहिलेल्या एच अँड ईचा निळा रंग मात्र उतरलाय.

विक्रेत्याने जुनी पाचवी स्लाइड परत मागितली नाही. तिच्यावर मी 'उंदीर, नर' अशी चिठ्ठी चिकटवली होती. तोंडी परीक्षेच्या सरावाआधी ती काढते.