व्हे की अंडी आणि सोया वडी: पुळ्या-केसांची धास्ती असणाऱ्यांसाठी

परवा खानापूरहून माझा आतेभाऊ आला आणि पिशवीतला पावडरचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "दोन महिने घेतलो मी हे. तोंडभर पुळ्या आल्या, केसबी जाऊ लागलेत. बंद करू की चालू ठेवू, सांग." असाच डबा घेऊन मी चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दारात उभा होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दीड वर्ष मी व्हे, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनाची पावडर, घेतलं. त्यानंतर आजपर्यंत अंडी, सोया वडी आणि डाळं. स्नायूंच्या बाबतीत मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही. निवड ठरली ती हनुवटीवर.

आधी केसांचं. पुळ्या आणि केस या दोन तक्रारी लोक एकाच डब्यात कोंबतात, पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांची नाती वेगवेगळी आहेत. व्हेमुळे केस गळतात हे दाखवणारा धड प्रयोग माझ्या वाचनात नाही. या भीतीचं मूळ बहुधा दुसऱ्याच पावडरीत आहे. 2009 साली दक्षिण आफ्रिकेतल्या वीस-एक रग्बी खेळाडूंना क्रिएटिन दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं डीएचटी वाढलं. डीएचटी म्हणजे वंशपरंपरेने टक्कल पडणाऱ्यांच्या केसांना बारीक करणारं संप्रेरक. पण त्या प्रयोगात केस कुणी मोजलेच नव्हते. 2025 साली बारा आठवडे क्रिएटिन देऊन डीएचटी आणि केस दोन्ही तपासले, तेव्हा फरक आढळला नाही. बारा आठवडे म्हणजे काही आयुष्य नव्हे, हे मान्य. तरी भीतीपेक्षा हा कागद जड.

मग भावाचे केस का गेले? मी त्याला पावडरीच्या आधीचं विचारलं. लग्नाचा सीझन म्हणून त्याने भात-भाकरी जवळजवळ सोडून दोन महिन्यांत नऊ किलो उतरवले होते, आणि मगच 'अंग भरायला' डबा आणला. झपाट्याने वजन उतरलं, ताप येऊन गेला किंवा लोह कमी पडलं की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. नेमकं त्याच वेळी माणसाच्या हातात नवीन काहीतरी असतं आणि आळ त्याच्यावर येतो. ओळखायचं असं: या प्रकारात सगळ्या डोक्यातून केस सुटतात, कंगव्यात, उशीवर, मोरीत, आणि टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. कपाळाचे दोन कोपरे हळूहळू मागे सरकत असतील, वडिलांचं किंवा मामांचं डोकं तसंच असेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि तिला आहाराने थांबवणं अवघड. पहिल्या प्रकारात पोटभर जेवण सुरू केल्यावर केस परत येतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो. डॉक्टरांना विचारून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घ्यावं. बायोटिनच्या गोळ्या मात्र उगाच चघळू नयेत. खरी कमतरता क्वचितच असते, आणि थायरॉईडचे रिपोर्ट त्या चुकवू शकतात.

आता पुळ्या. इथे व्हेवरचा संशय अगदीच हवेतला नाही. 2012-13 मध्ये अमेरिका, ब्राझील वगैरे ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी व्हे सुरू केल्यावर पुळ्या भडकलेल्या मुलांची नोंद केली. पण ती निरीक्षणं, बहुतेक अगदी मोजक्या लोकांवरची, म्हणून 'व्हेनेच येतात' असं छातीठोक मी म्हणणार नाही. कारण म्हणून जे मांडलं जातं ते पटण्यासारखं आहे: व्हे इन्शुलिन आणि त्याच्या जवळचं एक वाढीचं संप्रेरक वर ढकलतं, त्यातून त्वचेतलं तेल वाढतं. ज्याची त्वचा मुळात पुळ्यांची, त्याला झळ लागते. बाकीच्यांना काही होत नाही, आणि तेच जिममध्ये तुम्हाला 'मला तर काही झालं नाही ओ' सांगत असतात.

माझ्या पुळ्या आल्या जबड्याच्या कडेला, बरोबर हेल्मेटच्या पट्ट्याखाली. उद्यमबागेत कामाला रोज गाडीवर जायचं, पट्टा घासायचा. त्याहून त्रास दाढीचा. कितीही जपून रेझर फिरवला तरी एक पुळी कापली जायचीच, आणि मग पांढऱ्या टॉवेलवर ठिपके. आई विचारायची, "काय रे, मारामारी करून आलास?" प्रोटीनचे आकडे, किंमत, चव यांवर मी कितीतरी विचार केला होता. शेवटी कंटाळा आला तो रोज सकाळच्या त्या ठिपक्यांचा.

दुकानदाराच्या सांगण्यावरून मी आधी आयसोलेट, म्हणजे व्हेचाच जास्त शुद्ध केलेला प्रकार, घेतलं. त्यात दुधातली साखर जवळजवळ नसते, त्यामुळे पोट हलकं झालं, पुळ्या तशाच. साहजिक आहे, इन्शुलिन वर नेण्यात व्हेच्या प्रथिनांचाच मोठा हात असतो, साखर गेली तरी ती उरतातच. मग पूर्ण बंद केलं. पहिले तीन आठवडे काहीच बदल नाही. पुळी वर दिसण्याआधी कित्येक आठवडे आत तयार होत असते, त्यामुळे लोक इथेच 'पावडरचा काही संबंध नाही' म्हणून मोकळे होतात. आठव्या आठवड्याला जबडा साफ झाला. खात्री करायला पुन्हा महिनाभर घेतलं, पुन्हा ठिपके. एका माणसाचा अनुभव आहे हा, पुरावा नव्हे, पण दाढी माझी होती.

भावाच्या डब्यात मात्र आणखी एक गंमत निघाली. मागची यादी वाचली तर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. तो गेनर होता, म्हणजे बहुतांश झटकन रक्तात जाणारं पिष्ट आणि वर थोडं प्रथिन. आहार आणि पुळ्यांच्या संबंधातला बराच भक्कम पुरावा नेमका या झटपट साखरेबद्दल आहे: 2007 साली ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, आणि साखर सावकाश चढवणारा आहार घेणाऱ्यांच्या पुळ्या जास्त कमी झाल्या. तेव्हा त्याने निदान तो डबा तरी सोडावा असं मला वाटतं. मुरूम फक्त पाठीवर-छातीवर, एकसारखे, खाजणारे असतील तर ते घामट कपड्यांतल्या बुरशीचेही असतात. आपल्याकडे पावसाळ्यात बनियन चार-चार दिवस वाळत नाही, तेव्हा हे आधी बघावं.

घरच्या पर्यायाचं तोंडभरून कौतुक करणार नाही. एका स्कूपच्या चोवीस ग्रॅम प्रथिनासाठी चार अंडी, किंवा पन्नास ग्रॅम कोरडी सोया वडी. नुसत्या डाळ्यावर ते भागवायला सव्वाशे ग्रॅम खावं लागेल, आणि त्यासोबत पाव किलो भाताइतकं पिष्ट येईल, म्हणून डाळं मी मूठभरच घेतो. वडी नीट भिजवून, पिळून, पाणी फेकून शिजवली नाही तर दुपारी मीटिंगमध्ये पोट बोलतं. प्रवासात तर पावडरला तोड नाही. शाकाहारी असाल आणि भांडी घासायचा कंटाळा असेल तर वाटाण्याचं प्रोटीन मधला रस्ता आहे. ते दुधाचं नसतं, चव मात्र भिजल्या पिठासारखी.

तरी माझ्यापुरतं सांगायचं तर तराजू अंड्यांकडे कलला. भावाचं श्रावणामुळे अंडं बंद, म्हणून त्याला सोया वडी आणि ताक सुचवलं. ताकही दुधाचंच की, असं त्याने लगेच पकडलं. बरोबर होतं. वाटीभरच ठेव म्हटलं. खिडकीजवळ उभं करून जबड्याचा फोटो काढला, तारीख लिहिली. आठ आठवड्यांनी त्याच खिडकीत दुसरा काढायचाय. डबा तोवर माझ्या कपाटावर आहे.