गुणपत्रिकेवरची चांदणी आणि माझे १२,३०० रुपये

मुलीचे बी.ए.चे पदवी प्रमाणपत्र आणि सहा सत्रांच्या गुणपत्रिका मराठीत असल्याने जर्मनीतील प्रवेशासाठी मी त्यांचे इंग्रजी भाषांतर एका भाषांतरकाराकडून करून घेतले. सात पानांचे प्रत्येकी १,४०० रुपयांप्रमाणे ९,८०० आणि ‘तातडीचे’ म्हणून वर २,५००, असे १२,३०० रुपये यूपीआयने दिले आणि पावती मागितली नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या सत्रात एका विषयात ३७ गुणांपुढे चांदणी आहे. तीन सवलतीचे गुण देऊन उत्तीर्ण केल्याची ती खूण असून तिचा खुलासा गुणपत्रिकेच्या मागे छापलेला आहे. “ही चांदणी काढून टाकतो, साहेब, उगाच प्रश्न विचारतात,” असे तो माणूस म्हणाला तेव्हाच मी कागद उचलून बाहेर पडायला हवे होते, कारण जो खूण गाळतो तो भाषांतर करत नसतो. पण मुदत १५ जुलैची होती आणि तो आपल्याच भल्याचे बोलतो आहे, असे मला वाटले. घाईत असलेल्या कोणत्याही बापाला तसेच वाटले असते.

मागची बाजू त्याने पाहिलीच नाही. १८०० पैकी ११०४ गुण, म्हणजे ६१.३३ टक्के, यांना २५ ने भागून त्याने ‘श्रेणी २.४५’ असे स्वतःच लिहिले. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. ४० टक्क्यांना उत्तीर्ण धरून तिथल्या सूत्राने हिशेब केला तर आकडा सुमारे २.९ येतो. म्हणजे आम्हीच गुण फुगवल्यासारखे दिसले. ‘प्रथम वर्ग’ जसाच्या तसा उतरवावा. रूपांतर हे प्रवेश देणाऱ्यांचे काम आहे.

शिक्क्याचे तर त्याने हसे केले. चौकटी कंसात ‘गोल शिक्का’, त्यातील मजकूर आणि ‘सही अवाच्य’ असे लिहायचे सोडून त्याने मूळ शिक्क्याचे चित्रच भाषांतरावर चिकटवले, त्यामुळे तो कागद बनावट प्रमाणपत्रासारखा दिसू लागला. खाली नोटरीचा लाल शिक्का होता, पण नोटरी सहीची साक्ष देतो, भाषांतर तपासत नाही. ‘मूळ कागदाशी जुळत नाही’ एवढ्याच शेऱ्यानिशी अर्ज परत आला.

चौकीत “हा दिवाणी मामला आहे” म्हणाले. सायबर शाखेने “पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत” असे ऐकवले. ग्राहक तक्रारीसाठी पावती हवी असे सांगण्यात आले आणि पावती मिळवायची तर त्याच चोराकडे जायचे! परीक्षा विभागात तीन खेपा घातल्यावर कळले की, गुणांचा इंग्रजी उतारा विद्यापीठ स्वतःच देते. ही गोष्ट पहिल्याच खेपेला सांगायला त्यांचे काय जात होते? तुम्ही आधी तिथेच विचारा.

तोवर मुदत टळली होती. पदवी प्रमाणपत्र आता दुसऱ्या एका भाषांतरकार बाईंकडे दिले आहे आणि शिक्क्यातील झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी त्यांनी मूळ प्रत मागून घेतली आहे.