जिभेवरचा शब्द शोधताना: आठ महिन्यांच्या उलट्या शोधाचा अनुभव

भाषांतराचं काम करते, त्यामुळे शब्द अडतो तो नेमका सुपूर्द करायच्या दिवशी. अर्थ डोळ्यांसमोर असतो, पहिलं अक्षर आठवतं, पण शब्द काही येत नाही. इंग्रजीसाठी 'वनलूक' संकेतस्थळाचा उलटा कोश आहे, म्हणजे अर्थ दिला की शब्द सुचवणारा, आणि तो उत्तम चालतो: नमुना आणि अर्थ एकाच चौकटीत लिहिता येतात, उदाहरणार्थ `bl*:snow`, म्हणजे bl ने सुरू होणारा, बर्फाशी संबंधित शब्द. मराठीत तशी तयार सोय मला मिळाली नाही. म्हणून दोन गोष्टी जोडून काम चालवलं. एक म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहातला मोल्सवर्थ, आणि दुसरी माझ्या संगणकावरची साधी शब्दयादी, एका ओळीत एक शब्द.

मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची. तो मराठी-इंग्रजी कोश आहे, म्हणजे अर्थ इंग्रजीत दिलेले. म्हणूनच तो उलटा वापरता येतो. फक्त शीर्षशब्दांत न शोधता संपूर्ण मजकुरात शोधायचं.

एकदा पावसाचं वर्णन करताना अडले. छपराच्या कडेवरून पाण्याच्या धारा गळतात, त्यांना काय म्हणतात? 'पा'ने सुरू होतं आणि शेवटी 'ळ्या', एवढंच आठवत होतं. आधी `water` आणि `rain` घालून पाहिलं, आणि निकालांचा ढीग झाला. मग पाणी सोडून जागा धरली: `eaves`. यादी आटोपशीर आली, तिच्यात वळचण होती आणि पागोळीही. तेव्हापासून माझी सवय अशी: वस्तू कशाची आहे हे न सांगता ती कुठे असते, कशाला चिकटलेली असते ते सांगायचं. शब्द जितका कमी वापरातला, तितकी यादी छोटी. मात्र इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे, तेव्हा एक शब्द चालला नाही तर जुन्या वळणाचा दुसरा घालून पाहावा लागतो.

मराठी-मराठी कोशात अर्थावरून शोधताना वेगळीच ठेच लागते. व्याख्येत 'छप्पर' फारसं येत नाही, 'छपराच्या', 'छपरावरून' येतं. तसंच 'पाऊस' नाही, 'पावसाचे'. म्हणून शब्दाचा तुकडा शोधायचा: `छपर`, `पावस`. हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. व्याकरण शाळेत शिकलेलंच होतं की!

अक्षरांवरून शोधणं मात्र देवनागरीत खरंच चिवट आहे. पागोळ्याच घ्या. कोशात 'पागोळ्या' नसतंच, एकवचन 'पागोळी' असतं, म्हणून शेवट 'ळ्या' धरला की हाती शून्य. शेवट 'ळी' केला आणि मधलं एक अक्षर माहीत नाही म्हणून यादीत नमुन्यावरून शोधणाऱ्या `grep` आज्ञेत त्या जागी एक टिंब दिलं; `^` म्हणजे शब्दाची सुरुवात, `$` म्हणजे शेवट:

```
grep '^पा.ळी$' shabda.txt
```

निकाल आले: पाकळी, पातळी. पागोळी नाही! कानाला 'गो' एक अक्षर आहे, पण संगणकाला ते दोन आहेत, 'ग' वेगळा आणि ओकार वेगळा. टिंब त्यातलं एकच झाकतं. म्हणून आता मी व्यंजन आणि त्यापुढे असली तर मात्रा, असं लिहिते:

```
grep -P '^पा[क-ह][ा-ौ]?ळी$' shabda.txt
```

यात तिन्ही येतात. कंसातल्या मात्रा स्क्रीनवर विचित्र दिसतात, तिकडे दुर्लक्ष करा. मधे जोडाक्षर असेल तर हेही अपुरं पडतं. तेव्हा मी मुकाट्याने `.*`, म्हणजे मधे काहीही चालेल, असं टाकते आणि लांबलचक यादी डोळ्यांनी चाळते.

दुसरी कटकट अनुस्वारांची. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुने कोश त्याआधीचे. तिथे 'धुकें', 'नांव' अशी रूपं दिसतात. 'के'वर संपणारा शब्द मागितला की धुकें निसटतं. मी यादीची दुसरी प्रत केली आणि तिच्यातले सगळे अनुस्वार काढून टाकले. त्यामुळे 'अंग' आणि 'अग' एक होतात, पण शोधायला ते चालतं. खात्री करायला मूळ यादी आहेच.

आठ महिन्यांनंतर हिशेब असा: वस्तू, अवजारं, घराचे भाग, निसर्ग, यांत अर्थावरून शोध बहुतेक वेळा लागतो. भावनांचे शब्द मात्र हात देत नाहीत, कारण त्यांच्या व्याख्या एकमेकींसारख्या असतात. 'हुरहूर' हवी असताना `anxiety` घातलं तर चिंतेचे सगळे नातेवाईक रांगेत उभे राहतात. तिथे अजूनही मी आईलाच फोन करते. ती म्हणते, "थांब गं, आठवू दे," आणि तासाभराने, मी ते वाक्य दुसऱ्याच शब्दावर निभावून नेल्यावर, तिचा एका शब्दाचा मेसेज येतो.